लॅपटॉपवरची किल्ली ते पाच टक्क्यांचं रिलीज: एका ॲपचं प्रकरण

हे ॲप फॉर्म भरण्याचं आहे. माणूस नेटवर्क नसलेल्या ठिकाणी फॉर्म भरतो, तो फोनमध्येच साठतो आणि नेटवर्क आलं की सर्व्हरवर जातो. अँड्रॉइडवर कोटलिन, आयफोनवर स्विफ्ट. अँड्रॉइडचे चालू वापरकर्ते साठ हजारांच्या आसपास, आयफोनचे त्याहून बरेच कमी. कित्येक वर्षं रिलीज काढायची पद्धत एकच होती: टीममधला सर्वांत जुना डेव्हलपर स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करायचा, ब्राउझरमधून स्टोअरवर चढवायचा आणि एका दमात सगळ्यांना सोडायचा. तो दुसऱ्या कामावर जाणार हे कळलं, तेव्हा बिल्डपासून स्टोअरपर्यंतचं काम आपोआप करणाऱ्या पाइपलाइनचा विषय निघाला. तोवर तो कुणी काढला नव्हता, कारण चाललं होतं.

पाइपलाइन म्हटलं की सगळे आधी सीआयची, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरची, स्क्रिप्ट लिहायला बसतात. इथे सुरुवात ॲपवर सही करायच्या किल्ल्यांपासून केली आणि ते बरंच झालं. ॲप ऑगस्ट 2021 च्या आधीचं. त्या महिन्यापासून प्ले स्टोअरवर नव्या ॲपला ॲप बंडल आणि प्ले ॲप साइनिंग सक्तीचं झालं. जुन्या ॲपना सवलत राहिली, त्यामुळे हे ॲप अजूनही एपीके म्हणून जात होतं आणि त्यावरची सही थेट लॅपटॉपवरच्या किल्लीची होती. अँड्रॉइड जुन्या ॲपवर नवं ॲप तेव्हाच बसू देतं, जेव्हा दोन्हींवरची सही जुळते. म्हणजे ती फाइल किंवा तिचा पासवर्ड गेला, तर या ॲपला पुन्हा कधीच अपडेट देता आलं नसतं. नवं पॅकेज नाव घेऊन शून्यापासून सुरुवात, आणि जुन्या फोनमध्ये अडकलेले फॉर्म तिथेच.

लॅपटॉपवर तीन कीस्टोअर फाइली सापडल्या: `release.jks`, `release_new.jks` आणि `final.jks`. नावावरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. स्टोअरवरून उतरवलेल्या एपीकेवर कोणत्या किल्लीची सही आहे ते बघायचं आणि ठसा जुळवायचा, एवढाच मार्ग.

```
apksigner verify --print-certs store.apk
keytool -list -v -keystore release.jks
```

दोन्ही कमांड SHA-256 ठसा दाखवतात, पण पहिली लहान अक्षरांत सलग छापते आणि दुसरी मोठ्या अक्षरांत, मध्ये कोलनची चिन्हं टाकून. डोळ्यांनी जुळवायला गेलं की पहिली चार अक्षरं बघून माणूस 'हो' म्हणतो. चिन्हं काढून, अक्षरं एकसारखी करून मशीनलाच तुलना करू द्यावी. खरी किल्ली निघाली `release_new.jks` मधली.

इथे थांबणं धोक्याचं असतं. जुन्या जेकेएस प्रकारच्या फाइलीतली सर्टिफिकेटं `keytool` पासवर्ड न देताही दाखवतो, फक्त एक इशारा छापतो. यादी दिसली म्हणजे किल्ली वापरता येते असं नाही. शिवाय कीस्टोअरचा पासवर्ड वेगळा आणि आतल्या किल्लीचा वेगळा असू शकतो. म्हणून त्या फाइलीने एक रिकामं एपीके खरोखर सही करून पाहिलं. सही झाली, ठसा जुळला, आणि मगच ती फाइल नि दोन्ही पासवर्ड दोघांच्या ताब्यातल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये गेले. एक प्रत ऑफलाइनही ठेवली.

पुढचा निर्णय प्ले ॲप साइनिंगमध्ये जायचा. यात ॲपची मूळ किल्ली गूगलकडे राहते आणि आपल्या हातात फक्त अपलोड किल्ली उरते. आपण बंडलवर अपलोड किल्लीने सही करून पाठवायचं. गूगल ती सही तपासतं आणि फोनवर जाणाऱ्या एपीकेवर मूळ किल्लीने सही करतं. टीममध्ये एकाचा याला विरोध होता: "आपली किल्ली दुसऱ्याला का द्यायची?" प्रश्न योग्य आहे. एकदा या व्यवस्थेत गेलं की परत फिरता येत नाही, आणि ज्यांना स्वतःच्या सहीचंच एपीके दुसऱ्या मार्गाने वाटायचं असतं त्यांनी दोनदा विचार करावा. पण आमच्या बाजूने तोल उघड होता. अपलोड किल्ली हरवली किंवा फुटली तर कन्सोलमधून विनंती करून ती बदलून मिळते. मूळ किल्ली हरवली तर काहीच मिळत नाही. सीआयच्या सर्व्हरवर जी किल्ली ठेवायची, ती बदलता येणारीच हवी.

जुनी किल्ली पाठवण्यासाठी गूगल `pepk.jar` नावाचं साधन देतं. ते किल्ली कन्सोलमधून मिळालेल्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करून एक झिप बनवतं.

```
java -jar pepk.jar --keystore=release_new.jks \
  --alias=app --output=out.zip --include-cert \
  --rsa-aes-encryption \
  --encryption-key-path=encryption_public_key.pem
```

त्याच पानावर नवी अपलोड किल्लीही नोंदवता येते. बरेच जण ही पायरी सोडतात आणि जुनीच किल्ली दोन्ही कामांना वापरत राहतात. मग सीआयमध्ये पुन्हा तीच, आयुष्यभराची किल्ली जाऊन बसते आणि सगळ्या खटाटोपाचा अर्धा उपयोग संपतो. आम्ही नवी किल्ली बनवली, तिचं सर्टिफिकेट नोंदवलं आणि जुनी फाइल लॅपटॉपवरून पुसून टाकली.

प्ले कन्सोलशी बोलायला सीआयला सर्व्हिस अकाउंट लागतं. कन्सोलमध्ये टेस्टिंग ट्रॅकवर रिलीज करायची परवानगी वेगळी आहे आणि प्रॉडक्शनवर करायची वेगळी. त्यामुळे दोन अकाउंटं केली. पहिलं प्रत्येक मर्जनंतर चालतं आणि फक्त टेस्टिंगपर्यंत पोहोचू शकतं. दुसऱ्याची गुपितं सीआयच्या अशा विभागात आहेत जिथे दुसऱ्या माणसाने मंजुरी दिल्याशिवाय जॉब सुरूच होत नाही. स्क्रिप्टमध्ये कुणी चुकून `production` लिहिलं तरी पहिल्या अकाउंटला स्टोअरच नकार देतं. अशा बाबतीत स्क्रिप्टमधल्या अटीपेक्षा स्टोअरच्या नकारावर माझा जास्त भरवसा आहे.

पहिलं बंडल निघालं आणि त्याच दुपारी टेस्टिंग बघणारीचा निरोप आला: "अरे, नव्या बिल्डमध्ये लॉगिनच होत नाहीये. गूगल अकाउंट निवडलं की परत पहिल्याच पानावर." लॉगमध्ये `ApiException: 10`. कोड तर कुणी बदलला नव्हता.

कारण सहीचंच होतं. गूगल साइन-इन ॲपला ओळखतं ते पॅकेज नाव आणि सहीच्या सर्टिफिकेटचा SHA-1 ठसा या जोडीवरून. तिने सवयीप्रमाणे सीआयने बनवलेलं एपीके थेट फोनवर टाकलं होतं. पूर्वी त्यावर मूळ किल्लीची सही असायची, आता अपलोड किल्लीची होती आणि तो ठसा कुठेच नोंदलेला नव्हता. जुनं ॲप तिने आधी काढून टाकलं नसतं तर लॉगिनपर्यंत पोहोचलीच नसती. `adb` ने `INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE` म्हणून आधीच हाकललं असतं. तेच बिल्ड इंटर्नल ट्रॅकवर टाकून प्ले स्टोअरमधून घेतलं, तर लॉगिन सुरळीत झालं.

इथे दोन रस्ते होते. अपलोड किल्लीचा ठसाही सगळीकडे नोंदवायचा: साइन-इन, नकाशाच्या किल्लीवरची मर्यादा, लिंक थेट ॲपमध्ये उघडण्यासाठीची `assetlinks.json`. किंवा मग रिलीज बिल्ड हाताने फोनवर टाकणंच बंद करायचं. आम्ही दुसरा घेतला. अपलोड किल्लीच्या सहीचं ॲप कुठल्याच वापरकर्त्याच्या फोनवर कधी जाणार नसतं. ते तपासून कळतं काय, तर असं ॲप चालतं जे कुणाला मिळणार नाही. आणि ठसा नोंदवून ठेवला, तर उद्या अपलोड किल्ली फुटल्यावर त्या ठशाचं बनावट ॲपही लॉगिनमधून आत येईल. रोजच्या कामाला डिबग बिल्ड, तेही वेगळ्या पॅकेज नावाने. रिलीज बिल्ड फक्त ट्रॅकवरून. इंटर्नल ॲप शेअरिंग नावाची लिंकवाली सोयही प्लेमध्ये आहे, पण तिथे सही आणखी तिसऱ्याच किल्लीची होते, तेव्हा तिथेही हेच लॉगिनचं दुखणं भेटतं.

ट्रॅकची रचना मग अशी ठरली. मर्ज झालेलं प्रत्येक बिल्ड इंटर्नल ट्रॅकवर जातं. तिथे शंभर टेस्टर चालतात आणि आम्हाला त्याच्या पाव भागाचीही गरज नव्हती. आठवड्यातून एकदा त्यातलं एक बिल्ड क्लोज्ड ट्रॅकवर, बाहेरच्या स्वेच्छेने आलेल्या वापरकर्त्यांसाठी. तिथून प्रॉडक्शन. ओपन ट्रॅक आम्ही घेतला नाही. तिथे आलेला माणूस 'आपण बीटावर आहोत' हे विसरतो आणि त्याचा अर्धवट फॉर्म गेला की दोष मुख्य ॲपला देतो.

महत्त्वाची अट ही की पुढच्या ट्रॅकवर जाताना बिल्ड पुन्हा करायचं नाही. तेच बंडल, तोच `versionCode`, फक्त पुढे सरकवायचं. पुन्हा बिल्ड केलं की मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची आवृत्ती सरकलेली असू शकते आणि तपासलं एक, गेलं दुसरं असं होतं. फास्टलेन या रिलीजच्या साधनात हे एवढंच आहे (एपीआयमध्ये क्लोज्ड ट्रॅकचं नाव अजून `alpha` आहे):

```ruby
upload_to_play_store(
  track: "alpha",
  track_promote_to: "production",
  version_code: 1131,
  rollout: "0.05"
)
```

`versionCode` साठी सीआयचा धावता क्रमांक अधिक 1000 घेतला, कारण जुना आकडा शंभराच्या आत होता. कुणीतरी तारीख-वेळ जोडून आकडा करायचं सुचवलं होतं: वर्षाचे दोन अंक, महिना, दिवस, तास, मिनिट. दिसायला छान, पण प्लेची कमाल मर्यादा 2100000000 आहे आणि असा आकडा 2021 च्या पहिल्याच दिवशी ती ओलांडतो.

आयफोनकडची बाजू पटकन सांगतो, कारण तिथे सहीचं ओझं हलकं आहे. डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट वर्षभर चालतं. ते संपलं किंवा रद्द केलं तरी ॲप स्टोअरवरून आधीच गेलेल्या ॲपना धक्का लागत नाही. त्यामुळे जाणाऱ्या सहकाऱ्याचं जुनं सर्टिफिकेट जपण्याऐवजी सरळ नवं केलं. ते आणि प्रोव्हिजनिंग प्रोफाइल फास्टलेनच्या `match` ने एका खाजगी गिट रेपोमध्ये कुलूपबंद ठेवलं. सीआयवर `readonly: true` हवंच. नाहीतर काही बिनसलं की सीआय स्वतःहून नवी सर्टिफिकेटं काढत सुटतं आणि खात्यावरची मर्यादा भरते. ॲप स्टोअर कनेक्टच्या एपीआयची `.p8` फाइल एकदाच उतरवता येते, तेव्हा ती उतरवणाऱ्याने त्याच मिनिटाला पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकली. `Info.plist` मध्ये `ITSAppUsesNonExemptEncryption` चं उत्तर आधीच लिहिलं, म्हणजे प्रत्येक बिल्ड टेस्टफ्लाइटमध्ये एन्क्रिप्शनच्या प्रश्नावर अडकून बसत नाही. हे ॲप नेहमीचं एचटीटीपीएसच वापरतं, म्हणून उत्तर `false`. टेस्टफ्लाइटचं बिल्ड 90 दिवसांनी बंद पडतं एवढं बाहेरच्या टेस्टरना सांगून ठेवलं.

स्टोअरच्या तपासणीत एकदा अडखळलो, तेही आयफोनकडे. ॲपमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी हाच दुसरा लॉगिन मार्ग, आणि तपासणाऱ्याला ओटीपी मिळणार कसा? सर्व्हरवर एक राखीव नंबर ठेवला ज्याचा ओटीपी ठरलेला असतो आणि ज्याला फक्त खोटे फॉर्म दिसतात. तो कनेक्टमध्ये तपासणीच्या माहितीत आणि प्लेमध्ये ॲप ॲक्सेसच्या पानावर, दोन्हीकडे लिहिला. ठरलेला ओटीपी खऱ्या नंबरांना लागू पडत नाही ना, याची चाचणी सर्व्हरच्या कोडमध्येच टाकली.

आता ज्या रिलीजमुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते. बिल्ड 1131. यात फोनमधल्या डेटाबेसची रचना आठव्या आवृत्तीवरून नवव्यावर जाणार होती. इंटर्नल ट्रॅकवर सगळं ठीक, क्लोज्ड ट्रॅकवर आठवडाभर ठीक, क्रॅश जवळजवळ नाहीच. प्रॉडक्शनवर पाच टक्के सोडलं. पहिला दिवस स्वच्छ. दुसराही बराचसा स्वच्छ, दोन-चार क्रॅश, ज्यांच्याकडे कुणी फार बघितलं नाही. वीस टक्क्यांवर जायची घाई सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी क्रॅशलिटिक्समध्ये एकच ओळ वर सरकायला लागली:

```
IllegalStateException: A migration from 7 to 9
was required but not found.
```

अँड्रॉइडवर डेटाबेस सांभाळणाऱ्या रूम लायब्ररीला सातवरून नऊवर जायचं असेल, तर ती 7 ते 8 आणि 8 ते 9 अशी साखळी जोडते. कोणीतरी साफसफाईत 7 ते 8 ची मायग्रेशन, म्हणजे जुनी रचना नवीत बदलणारा कोड, काढून टाकली होती, 'आता सातवर कोण असणार' म्हणून. सातवर होते: कित्येक महिने ॲप अपडेट न केलेले, साधारण तीन टक्के वापरकर्ते. अशा माणसाने 1131 घेतलं की ॲप उघडताक्षणी बंद पडायचं आणि न पाठवलेले फॉर्म आत अडकायचे.

बीटात हे का दिसलं नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. बीटा टेस्टर म्हणजे प्रत्येक बिल्ड घेणारा माणूस. तो आठवरून नऊवर जातो, सातवरून उडी कधीच मारत नाही. टेस्टर दहापट वाढवले असते तरी हा रस्ता कुणी चालला नसता. तो फक्त प्रॉडक्शनमध्ये सापडू शकत होता, आणि तिथेही उशिराच. पाच टक्के म्हणजे तीन हजार जणांना अपडेट मिळू शकतं. मिळालं असं नाही. त्या तीन हजारांत सातवाले अंदाजे नव्वद. आणि जो माणूस महिनोन्‌महिने अपडेट घेत नाही, तो याही वेळी सगळ्यांत शेवटी घेणार. पहिल्या दिवशी जे अपडेट घेतात ते ताजे, नियमित लोक असतात. ज्यांच्याकडून बिघाड कळायचा, ते अजून आलेलेच नसतात. म्हणून टप्प्याचा टक्का किती ठेवावा यापेक्षा त्या टप्प्यावर किती दिवस थांबावं, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरलं.

रोलआउट कन्सोलमधून थांबवला. ते बटण दाबल्यावर पुढे कुणाला 1131 मिळत नाही, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडे ते राहतं. मागे घेणं असा प्रकार प्लेवर नाही. कमी `versionCode` फोन स्वीकारत नाही. मग पहिला प्रस्ताव आला: जुनाच कोड नवा आकडा देऊन पाठवू. हा सगळ्यांत महाग पडला असता. पाच टक्क्यांतले बहुतेक जण नीट आठवरून नऊवर गेले होते. त्यांच्या हातात आठवाला कोड आला असता, तर रूमने 9 ते 8 ची मायग्रेशन मागितली असती आणि आतापर्यंत चालू असलेली ॲपंही बंद पडली असती. दुसरा प्रस्ताव `fallbackToDestructiveMigration` चा, म्हणजे रस्ता सापडला नाही तर डेटाबेस पुसून नवा करायचा. क्रॅश थांबला असता, पण सातवाल्यांचे न पाठवलेले फॉर्म गेले असते. आणि फॉर्म राखणं हेच तर या ॲपचं काम. उरलं ते पुढे जाणं: 1131 च्या टॅगवर काढलेली मायग्रेशन परत ठेवायची आणि नवं बिल्ड काढायचं.

यात आणखी एक खाच होती. मुख्य शाखेवर तोवर रचना दहावर गेली होती आणि इंटर्नल टेस्टर दहावर होते. दुरुस्तीचं बिल्ड, 1143, नऊवालं. माणूस ज्या ज्या ट्रॅकसाठी पात्र असतो, त्यातलं सर्वांत मोठ्या `versionCode` चं बिल्ड प्ले त्याला देतं. म्हणजे 1143 नुसतं पुढे पाठवलं असतं, तर दहावरच्या टेस्टरांच्या फोनवर नऊचा कोड बसून तेही कोसळले असते. म्हणून लगेच मुख्य शाखेचं 1144 काढून ते आधी इंटर्नलवर टाकलं आणि 1143 साठी एक वेगळा क्लोज्ड ट्रॅक केला, ज्यात इंटर्नलमधलं कुणी नाही. क्लोज्ड ट्रॅक एकाहून जास्त ठेवता येतात, ही सोय अशाच वेळी कामाला येते.

1143 प्रॉडक्शनवर किती टक्के सोडायचं? सवयीने हात पाचवर गेला. पण प्ले प्रत्येक नव्या रिलीजसाठी माणसं नव्याने, यदृच्छेने निवडतं. आधीच्या पाच टक्क्यांतले लोक या पाच टक्क्यांत असतीलच असं नाही, बहुतेक नसतातच. पाचवर थांबलो असतो, तर बंद पडलेल्या ॲपवाल्यांपैकी वीसातल्या एकालाच औषध मिळालं असतं. दुरुस्तीचा बदल एका फाइलीचा होता आणि सातवरून थेट उडी मारून तपासलेला होता. म्हणून आधी वीस टक्के, क्रॅशची ती ओळ थांबलेली दिसेपर्यंत, आणि मग सरळ शंभर. बाकी बदल असलेल्या रिलीजला मी हे करणार नाही.

या काळात आयफोनचं बिल्ड मंजूर होऊन थांबलेलं होतं. ते आपोआप सुटू नये म्हणून रिलीज हाताने करायचा पर्याय आधीच निवडला होता आणि त्यामागे कारण आहे. ॲपलचा टप्प्यांचा रिलीज सात दिवसांचा असतो: 1, 2, 5, 10, 20, 50 आणि 100 टक्के. पण तो फक्त आपोआप अपडेट घेणाऱ्यांना लागू होतो. स्टोअरच्या पानावर जाऊन अपडेट दाबणाऱ्याला आणि नव्याने ॲप घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून नवीच आवृत्ती मिळते. एकूण तीस दिवसांपर्यंत तो थांबवून ठेवता येतो, पण थांबवल्यावरही हे दार उघडंच असतं. म्हणून दोन्हीकडचं रिलीज असेल तर आधी अँड्रॉइड, आणि तिथून बातमी चांगली आली की मग आयफोन. तिकडेही जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारून पाहिली. ती नीट निघाली, तेव्हाच बटण दाबलं.

नंतर पाइपलाइनमध्ये तीन गोष्टी आल्या. रूमच्या रचनेच्या जेसन फाइली आता रेपोमध्ये कायम राहतात आणि `MigrationTestHelper` ने प्रत्येक जुन्या आवृत्तीवरून थेट सध्याच्या आवृत्तीवर उडी तपासली जाते. कुठपर्यंत मागे जायचं हे अंदाजाने नाही, कन्सोलमधल्या आवृत्तीनिहाय वापरकर्त्यांच्या आकड्यावरून ठरतं. दुसरी, खऱ्या फोनवर जुनं ॲप बसवून त्यावर नवं चढवणारा जॉब. इथे सहीने पुन्हा गाठलं: स्टोअरमधल्या जुन्या एपीकेवर सीआयचं बिल्ड बसतच नाही. म्हणून दोन्ही आवृत्त्या आपापल्या टॅगवरून, एकाच डिबग किल्लीने आणि एकाच पॅकेज नावाने काढल्या जातात.

तिसरी गोष्ट पुढच्या टप्प्यावर कधी जायचं याची. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ॲप आधी कोणत्या आवृत्तीवर होतं ते कळवतं. ही नोंद डेटाबेस उघडण्याच्या आधी जायला हवी, नाहीतर जे तिथेच कोसळतात ते मोजणीत कधीच येत नाहीत आणि तक्ता खोटा चांगला दिसतो. डेटाबेसच्या सर्वांत जुन्या रचनेवरून आलेल्या किमान पन्नास जणांनी नवी आवृत्ती उघडल्याशिवाय पाचावरून वीसवर जायचं नाही, असं ठरलं आहे. हा टप्पा मुद्दाम स्क्रिप्टला दिलेला नाही. माणूस तक्ता बघतो आणि दुसरा माणूस मंजुरी देतो. थांबवायचं बटण मात्र रिलीजच्या आठवड्यात पाळीवर असलेल्या कुणालाही, कुणाला न विचारता दाबता येतं.